छायाचित्रावरून थरांचे कागदी व्यक्तिचित्र: आकारांची आखणी, सावल्या आणि मिटवायचे लहान भाग

छायाचित्रावरून रंगीत कागदाचे चार-पाच थर कापून ते एकमेकांपासून थोडे उचलून चिकटवले, की चेहरा उभा राहतो तो दोन गोष्टींवर: थरांच्या कडा आणि त्या कडांनी खालच्या कागदावर पाडलेल्या सावल्या. नव्याने शिकणाऱ्याचे सारे लक्ष कटर नीट चालवण्याकडे असते. प्रत्यक्षात चित्र बिघडते ते त्याआधी, कागदावर आखणी करताना. छायाचित्रात शेकडो बारीक डाग असतात. त्यांतले कोणते ठेवायचे, कोणते शेजारच्या भागात मिसळून टाकायचे आणि कुठे रंगाचे काम सावलीवर सोपवायचे, हे ठरवणे म्हणजेच आखणी, आणि या लेखाचा मोठा भाग तिच्यासाठीच आहे.

सगळे मुद्दे समजावण्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. खानापूर तालुक्यातील एका गावच्या आजी, घरच्या लग्नाच्या दिवशी सोप्याच्या दाराशी बसलेल्या. डोक्यावर पदर, कपाळावर कुंकू, नाकात नथ. उजेड चित्राच्या डावीकडून येतो आहे. चित्र ए-फोर कागदावर, म्हणजे 210 बाय 297 मिमीमध्ये करायचे असून कपाळाच्या केसरेषेपासून हनुवटीपर्यंतचा चेहरा सुमारे 14 सेंमी उंच ठेवायचा आहे. यापेक्षा लहान चेहरा पहिल्या प्रयत्नात घेऊ नये, कारण चेहरा 8 सेंमीवर आला की डोळा जेमतेम 1 सेंमीचा उरतो आणि त्यात कटर वळत नाही.

छायाचित्र निवडताना

उजेड एका बाजूने आलेला असावा, म्हणजे एक गाल उजळ, दुसरा सावलीत आणि नाकाची एक कड स्पष्ट दिसते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील जुन्या कौलारू घरांत सोप्याच्या दारातून येणारा सकाळचा उजेड यासाठी उत्तम असतो. त्याच घरातील काचेच्या कौलाखाली काढलेले छायाचित्र मात्र टाळावे. तो उजेड वरून सरळ खाली पडतो, डोळ्यांच्या खोबणी पूर्ण काळ्या होतात, आणि थर पाडल्यावर चेहऱ्याऐवजी कवटी दिसू लागते. फ्लॅशचे छायाचित्र याच्या उलट त्रास देते: चेहरा सपाट पांढरा होतो आणि थरांत विभागण्यासारखे काही उरतच नाही. मोबाइलवर काढलेले छायाचित्र चालते, परंतु चॅटवरून पुढे पाठवत आलेली, दाबली गेलेली प्रत न घेता मूळ फाइल घ्यावी, कारण दाबलेल्या प्रतीतले चौकोनी डाग पुढे खोटे आकार म्हणून समोर येतात.

थर एकमेकांत बसलेले असतात

आकार आखण्यापूर्वी रचना डोक्यात पक्की करावी. सर्वांत मागे साधी पार्श्वभूमी. तिच्यावर पहिला थर सर्वांत गडद कागदाचा. तो म्हणजे केस, पदर, मान यांसह संपूर्ण डोके-खांद्यांची बाह्याकृती. त्यावर दुसरा थर थोड्या उजळ कागदाचा, मग तिसरा, चौथा, आणि सर्वांत वर पाचवा, केवळ कपाळ, नाकाचा दांडा, गालाचे हाड अशा लख्ख भागांपुरता. प्रत्येक वरचा थर खालच्या थराच्या आत बसतो. नकाशातल्या समोच्च रेषांकडे पाहिले तर ही कल्पना चटकन ध्यानात येते: मोठ्या वळशाच्या आत लहान वळसा, आणि एकही रेषा दुसरीला छेदत नाही.

या रचनेचा फायदा असा, की खालचा कागद वरच्या कागदाखाली अखंड पसरलेला असतो, त्यामुळे दोन छटांमध्ये फट पडण्याचा प्रश्न येत नाही आणि कापताना अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तरी चालते. काही जण प्रत्येक छटेचा तुकडा वेगळा कापून शेजारी शेजारी बसवतात. सपाट चित्रासाठी तो मार्ग ठीक आहे, पण उचललेल्या थरांच्या चित्रात तो नको, कारण मग सावली कुठे पडावी यावर आपला ताबा राहत नाही.

याच रचनेतून लहान भागांविषयीचा महत्त्वाचा भेदही निघतो. उजळ भागाच्या मधोमध असलेला गडद ठिपका, उदाहरणार्थ नाकपुडी, हे वरच्या थरातले एक छिद्र असते. ते कापले की आपल्या जागी राहते. गडद भागाच्या मधोमध असलेला उजळ ठिपका मात्र सुटा तुकडा होतो, तो हातात धरून नेमक्या जागी चिकटवावा लागतो, आणि एका मिमीची चूकही दिसते. म्हणून गडद छिद्रे राखताना हात सैल सोडावा, उजळ सुटे तुकडे राखताना मात्र प्रत्येक तुकड्याचा हिशोब मागावा.

छटा वेगळ्या करणे

संगणक असेल तर गिंप हा मोफत कार्यक्रम पुरतो. छायाचित्र ए-फोर आकाराला 300 पीपीआयने घ्यावे, म्हणजे ते 2480 बाय 3508 पिक्सेलचे होते आणि 3 मिमी म्हणजे साधारण 35 पिक्सेल असा हिशोब हाताशी राहतो. `Colors > Desaturate` वापरून रंग काढावा, मग `Filters > Blur > Median Blur` ला 10 ते 15 पिक्सेल त्रिज्या द्यावी. या दुसऱ्या पायरीने त्वचेवरची रंध्रे, बारीक केस, चमकेचे कण आपोआप विरघळतात, आणि मोठ्या आकारांच्या कडा मात्र बऱ्यापैकी जागेवर राहतात.

यानंतर `Colors > Posterize` हा सोपा वाटणारा मार्ग दिसेल. तो मी सुचवत नाही. तो काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पट्टीचे समान भाग करतो, चेहरा मात्र त्या पट्टीच्या एका तुकड्यातच असतो. आपल्या उदाहरणात आजींची त्वचा 0 ते 255 च्या मापावर साधारण 55 ते 200 यांच्यामध्ये आहे. समान पाच भाग केले तर गाल, कपाळ, हनुवटी तीनच छटांत कोंबली जातात आणि उरलेल्या छटा पदराच्या जरीवर खर्च होतात. त्याऐवजी `Colors > Threshold` वापरावे आणि मूळ करड्या चित्राच्या चार प्रती काढून प्रत्येकीला वेगळी मर्यादा द्यावी. आजींसाठी 75, 110, 145 आणि 180 या मर्यादा बसल्या. प्रत्येक प्रतीत जो भाग पांढरा उरतो, तोच त्या थराचा कच्चा आकार: 75 वरून दुसरा थर, 110 वरून तिसरा, 145 वरून चौथा, 180 वरून पाचवा. पहिल्या थराला मर्यादा नको, त्याची बाह्याकृती हाताने आखावी.

हे आकडे दुसऱ्या चेहऱ्याला जसेच्या तसे लावू नयेत. मर्यादा योग्य आहे की नाही, हे पाहण्याची सोपी खूण अशी: 75 ची प्रत पाहिल्यावर चेहऱ्याचा बहुतांश भाग पांढरा आणि डोळे, नाकपुड्या, ओठांची फट, हनुवटीखालची सावली एवढेच काळे दिसले पाहिजे, 180 ची प्रत पाहिल्यावर चेहऱ्याचा फार तर सहावा-सातवा भाग पांढरा असावा. साडी आणि पदर यांची छटा त्वचेशी जुळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या रंगाचे दोन कागद घेऊन दोनच थर करावेत आणि त्यात फार गुंतू नये.

संगणक नसेल तर झेरॉक्सच्या दुकानातून कृष्णधवल प्रत मोठी करून घ्यावी, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा आणि डोळे किलकिले करून पाहत चार वळसे आखावेत. डोळे किलकिले केल्याने बारीक तपशील नाहीसे होतात, म्हणजे वर सांगितलेली दुसरी पायरी आपोआप पार पडते.

सावली किती जागा खाते

लहान भाग मिटवण्याआधी सावलीचे माप कळले पाहिजे, कारण कोणता भाग लहान हे त्या मापावरूनच ठरते. 200 जीएसएमचा कार्डशीट कागद सुमारे पाव मिमी जाड असतो. तो थेट चिकटवला तर त्याची सावली केसाएवढी रेघ म्हणून दिसते. त्याखाली 2 मिमीची फोम टेप लावली, की वरचा कागद तेवढा उचलला जातो, आणि उजेड भिंतीशी 45 अंशांच्या कोनात येत असेल तर सावलीही 2 मिमी रुंद पडते. उजेड अधिक तिरपा, 30 अंशांचा झाला तर तीच सावली सुमारे साडेतीन मिमी होते.

आता समजा, तिसऱ्या आणि चौथ्या थराच्या कडांमध्ये नाकाच्या सावलीतल्या बाजूला केवळ 2 मिमीचा पट्टा आखला आहे. चौथ्या थराची सावली तो पट्टा पूर्ण झाकून टाकेल, तिसऱ्या कागदाचा रंग तिथे दिसणारच नाही, आणि कापण्याचे कष्ट वाया जातील. त्यामुळे सावलीच्या बाजूला दोन कडांमधले अंतर सावलीच्या किमान दुप्पट ठेवावे. हे शक्य नसेल तर दोन्ही थरांची कड एकच करून टाकावी. अधलेमधले अंतर सर्वांत वाईट दिसते. कड एकच करताना खालचा थर वरच्याच्या आत 1 मिमी मागे घ्यावा, म्हणजे जुळणी किंचित चुकली तरी खालचा कागद डोकावत नाही.

याचा दुसरा अर्थ अधिक उपयोगाचा आहे. जिथे छायाचित्रात उजेडाच्या विरुद्ध बाजूला अरुंद गडद रेघ आहे, जसे की नाकाच्या कडेची किंवा पदराच्या खाली कपाळावर पडलेली, तिथे ती रेघ कापायचीच नाही; वरचा थर उचलला की ती आपोआप पडते. आजींच्या चित्रात पदराच्या कडेखालची पूर्ण गडद पट्टी मी आखणीतून काढून टाकली आणि पदराचा कागद 2 मिमी उचलला. ती सावली कापलेल्या पट्टीपेक्षा जास्त खरी दिसते, कारण तिची कड मऊ असते.

सर्व थर सारखे उचलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पार्श्वभूमी आणि पहिला थर यांत 2 मिमी, पहिला-दुसरा 2 मिमी, दुसरा-तिसरा 2 मिमी, तिसरा-चौथा 1 मिमी, आणि पाचवा थर थेट चिकटवावा. वरच्या थरांचे आकार लहान आणि पट्टे अरुंद असतात. त्यांना मोठी उचल दिली की सावल्याच सावल्या दिसतात आणि उजळ कपाळ घाणेरडे वाटू लागते. ही उचल आणि पाच कागदांची जाडी मिळून चित्राची खोली सुमारे सव्वाआठ मिमी होते.

लहान भाग मिटवण्याची पद्धत

चारही प्रती छापून घ्याव्यात आणि संगणक बंद करून हे काम पेन्सिलीने करावे. संगणक डागाचा आकार मोजू शकतो, पण तो डाग आजींच्या ओळखीचा आहे की केवळ उजेडाचा, हे त्याला कळत नाही.

प्रथम सरसकट नियम. या आकाराच्या चित्रात 3 मिमीपेक्षा अरुंद किंवा 4 मिमीपेक्षा लहान असलेला कोणताही भाग संशयित मानावा आणि त्याला वर्तुळ करावे. आजींच्या चार प्रतींत अशी वर्तुळे मुख्यतः डोळ्यांभोवती, नथीपाशी, कपाळाच्या सुरकुत्यांत आणि गळ्याच्या शिरांवर गोळा झाली. वर्तुळातला भाग मिटवायचा म्हणजे शेजारच्या थरात मिसळायचा. कोणत्या शेजाऱ्यात, याचे उत्तर असे, की ज्याच्याशी त्याची सर्वांत लांब कड लागलेली आहे त्याच्यात. छटा कोणाच्या जवळची आहे हे येथे गौण आहे. गालाच्या उजळ भागात तीन बाजूंनी वेढलेला करडा डाग चौथ्या बाजूने सावलीला टेकलेला असला, तरी तो उजळ भागातच मिसळावा. सावलीत मिसळला तर सावलीच्या कडेला एक बोट फुटल्यासारखे दिसते आणि गालाची गोलाई मोडते.

दोन लहान उजळ तुकडे एकमेकांपासून 3 मिमीच्या आत असतील तर त्यांना मिटवण्याऐवजी जोडावे. आजींच्या उजेडाकडच्या गालाच्या हाडावर 180 च्या प्रतीत चार ठिपके आले होते. चारही ठेवले असते तर त्वचेवर डाग पडल्यासारखे दिसले असते. चारही मिटवले असते तर गालाचे हाडच नाहीसे झाले असते. त्यांच्या भोवतीने एकच लांबट, वरच्या टोकाला निमुळता आकार आखला आणि हाड जागेवर आले. चेहरा डागाळलेला दिसत असेल तर बहुधा कारण हेच असते: पाचव्या थरात सुटे तुकडे फार राहिले आहेत. आजींच्या चेहऱ्यावर पाचव्या थराचे पाचच तुकडे ठेवले: कपाळ, नाकाचा दांडा, नाकाचे टोक, उजेडाकडचा गाल आणि हनुवटी.

सुरकुत्यांबाबत विशेष सावध राहावे. कापलेली सुरकुती छायाचित्रातल्या सुरकुतीपेक्षा कितीतरी ठळक दिसते, कारण तिला कड असते आणि सावलीही असते. सगळ्या सुरकुत्या ठेवल्या तर सत्तरीच्या आजी नव्वदीच्या दिसतात. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी ठेवावी, कारण तिच्यावर हसण्याचा भाव उभा असतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या तीन-चार रेघांची मिळून एक करावी. कपाळावरच्या आडव्या रेघांपैकी एकच, सर्वांत लांब असलेली, आणि तीही अर्धी ठेवावी. तिचे दुसरे टोक उजेडात विरून गेले आहे असे समजावे.

याउलट काही भाग कितीही लहान असले तरी मिटवायचे नसतात. ओठांचे दोन कोपरे हे त्यांतले पहिले. ते 2 मिमीचे गडद त्रिकोण असतात आणि वरच्या नियमाने हमखास वर्तुळात सापडतात. परंतु ते काढले तर हसरे तोंड सरळ रेघ होते आणि माणूस नाराज दिसतो. उजेडाकडच्या नाकपुडीचे छिद्र, वरच्या पापणीची गडद कड आणि डोळ्यातला चमकेचा ठिपका हेही राखावेत. चमक सुमारे दीड मिमीची असते. ती पांढऱ्या कागदाची कापून चिमट्याने थेट चिकटवावी, आणि आपल्या चित्रात ती उजेडाकडच्या एकाच डोळ्यात द्यावी. सावलीतल्या डोळ्यात चमक दिली की तो डोळा चेहऱ्यातून वेगळा निघाल्यासारखा वाटतो.

डोळा, नथ आणि कुंकू

14 सेंमीच्या चेहऱ्यात डोळा साधारण 2 सेंमी रुंद येतो. त्यात वरची पापणी, तिचे केस, बुबुळ आणि बाहुली असे चार गडद भाग असतात. ते चारही एकाच आकारात मिसळावेत: वर कमानीसारखी जाड कड आणि तिला लटकलेला, खाली गोल होणारा बुबुळाचा भाग. खालची पापणी आखू नये. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा करण्याचा मोह आवरावा. तो भुवईच्या सावलीत असतो आणि 110 च्या प्रतीत तपासले तर त्याची छटा तिसऱ्या थराचीच निघते. तो सर्वांत उजळ कागदाचा केला, तर चेहरा घाबरलेला दिसतो.

आता अडचण अशी, की गडद आकार पहिल्या थरातून दिसायचा तर त्यावरच्या सर्व थरांत छिद्रे हवीत, आणि डोळा 4 मिमी खोल विहीर होतो. तिरप्या उजेडात विहिरीचा एक काठ सावली पाडतो, दुसरा चमकतो, आणि नजर बिघडते. यावर चांगला उपाय म्हणजे खोटा तळ. डोळ्याचे छिद्र फक्त तिसऱ्या आणि त्यावरच्या थरांत ठेवावे आणि गडद कागदाचा एक लहान तुकडा तिसऱ्या थराच्या मागील बाजूने थेट चिकटवावा. दुसरा थर त्याखाली अखंड राहतो, छिद्र उथळ होते, आणि कापायचे कामही कमी होते. नाकपुड्या आणि ओठांची फट यांनाही हाच उपाय लावावा.

नथ आजींच्या डाव्या नाकपुडीत आहे, म्हणजे चित्रात उजवीकडे, सावलीच्या बाजूला. तिच्यातले मोती प्रत्येकी दोन मिमीचेही नाहीत. मोती सुटे कापण्याच्या फंदात पडू नये. नथीची बाहेरची रेषा नेमकी घ्यावी, आतले मोती एकमेकांत मिसळावेत, कडेला प्रत्येक मोत्याचा उंचवटा तेवढा ठेवावा आणि संपूर्ण नथ एकाच उजळ तुकड्यात कापून 1 मिमीच्या टेपवर बसवावी. मोत्यांची मोजणी डोळा आपण करून घेतो. कुंकू हे छिद्र न करता तांबड्या कागदाचा गोल थेट वर चिकटवून करावे. ते त्वचेवर असते, त्वचेच्या खाली नसते.

कापण्यापूर्वीची परीक्षा

रंगीत कागदाला हात लावण्याआधी सर्व थर साध्या पांढऱ्या जाड कागदाचे कापून, टेपचे लहान तुकडे लावून एकावर एक ठेवावेत आणि बाजूने दिवा धरावा. येथे छटा नाहीत, फक्त सावल्या आहेत. एवढ्यावरून घरच्यांना चेहरा ओळखू आला, तर आखणी बरोबर आहे. ओळखू येत नसेल तर रंगीत कागदाने तो ओळखू येईल अशी आशा धरू नये. बहुधा ओठांचे कोपरे किंवा नाकाची सावलीची कड चुकलेली असते. या पांढऱ्या नमुन्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ते अंगठ्याच्या नखाएवढे लहान करून पाहावे. त्यात जे तुकडे दिसतच नाहीत, त्यांतले बहुतेक अजूनही मिटवता येतात.

रंगीत कागद घेताना पाचही छटांच्या पट्ट्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. शेजारच्या दोन पट्ट्या एकसारख्या करड्या दिसल्या, तर त्यांतली एक बदलावी. कागदाचा एक कोपरा फाडूनही पाहावा: आतला गर पांढरा असेल तर प्रत्येक कडेला पांढरी रेघ दिसेल, म्हणून आरपार रंगलेला कागद घ्यावा. बेळगावच्या खडे बाजारासारख्या ठिकाणी स्टेशनरीच्या दुकानांत कार्डशीट सुटी मिळते. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडेही जाड रंगीत कागदाचे उरलेले तुकडे विचारून पाहावेत. वरच्या थरांना तेवढे पुरतात.

कापणे आणि जोडणे

छापलेली आखणी रंगीत कागदावर सहज सुटणाऱ्या टेपने पक्की करावी. पाचही थरांच्या आखणीवर दोन कोपऱ्यांत एकाच जागी फुलीच्या खुणा ठेवाव्यात, म्हणजे जोडताना थर सरकत नाहीत. आधी आतली लहान छिद्रे, मग मोठी, आणि बाहेरची कड शेवटी कापावी. बाहेरची कड आधी कापली तर कागदाला धरायला जागा राहत नाही. पेन कटरचे पाते एका जागी ठेवून वळणावर कागदच फिरवावा. कोपऱ्यात पाते थांबवण्याऐवजी दोन्ही वेळा कोपऱ्यातून सुरुवात करून बाहेर जावे, म्हणजे कोपरा स्वच्छ सुटतो. कडेला लव दिसू लागली, की पाते बोथट झाले असे समजून लगेच बदलावे.

पेन्सिलीच्या खुणा लपवण्यासाठी मागील बाजूने कापायचे असेल तर आखणी आडवी उलटवून छापावी लागते. हे विसरले तर चेहरा आरशातला होतो, आणि आजींची नथ उजव्या नाकपुडीत जाते. जोडणीआधी नथीची बाजू मूळ छायाचित्राशी ताडून पाहिली, की ही चूक वेळीच सापडते.

फोम टेप कडेपासून 4-5 मिमी आत लावावी, नाहीतर बाजूने पाहताना तिचा पांढरा रंग दिसतो. दोन टेपांमधले अंतर 3 सेंमीपेक्षा जास्त नसावे. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात हवा इतकी दमट असते, की आधार नसलेला कागद दोन दिवसांत मधोमध झोळ धरतो आणि सावलीची रुंदी जागोजागी बदलते. चिकोडी-निपाणीकडे हा त्रास कमी जाणवतो. याच कारणाने थेट चिकटवायच्या तुकड्यांना पाण्यावरचा पांढरा गोंद न लावता दुहेरी टेप किंवा ग्लू स्टिक वापरावी. सर्व थरांच्या कागदातल्या तंतूंची दिशा एकच असावी. कागद हलकेच वाकवून ज्या दिशेने तो सहज वाकतो ती दिशा सर्वांत सारखी ठेवली, की दमट हवेत ते निदान एकत्र वाकतात.

फ्रेम आतून किमान 12 मिमी खोल घ्यावी, म्हणजे काच पाचव्या थराला टेकत नाही. टेकली तर दमट दिवसांत कागद काचेला चिकटतो आणि काढताना त्याचा पृष्ठभाग सोलून येतो. चित्र टांगताना खोलीतला मुख्य उजेड, खिडकीचा असो वा दिव्याचा, छायाचित्रातल्या उजेडाच्याच बाजूने आला पाहिजे. आजींच्या चित्राला तो डावीकडून हवा. उजवीकडून आला तर कागदाच्या सावल्या उजळ गालावर पडतात, आखलेल्या छटा एक दिशा सांगतात आणि खऱ्या सावल्या दुसरी, आणि चेहरा विनाकारण सुजलेला दिसतो. घरात तशी भिंतच नसेल, तर छायाचित्र निवडतानाच उलट बाजूच्या उजेडाचे निवडावे.